ट्रान्सफॉर्मरचा ब्रीदर, कॉन्झर्वेटर आणि पीआरडी: पैसे नेमके कुठं घालायचे?

तासगाव साईडला एक बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, ६३० केव्हीएचा जुना ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीवर. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत-बाहेर करतो त्या ब्रीदरमधली ओल शोषणारी निळी जेल पावसाळा लागला की महिन्याच्या आत गुलाबी. दुरुस्तीवाल्यानं मालकांपुढं तीन पर्याय ठेवले: जेल आणि पॅकिंग बदलून घ्या, नाहीतर आख्खा कॉन्झर्वेटर, म्हणजे वरची ऑईलची छोटी टाकी, काढून आत रबरी पिशवी असलेला बसवा, आणि जुना एक्स्प्लोजन व्हेंट काढून पीआरडी, म्हणजे जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, टाका. "दादा, यातलं खरंच काय लागतंय सांगा," असं मालक म्हणाले, आणि हाच प्रश्न सांगली-कुपवाडपासून वाईपर्यंत बऱ्याच जणांचा असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जेलचं गणित बघू, कारण सगळा निर्णय तिथंच अडकलाय. ऑईल तापलं की फुगतं, प्रत्येक डिग्रीला लिटरमागं पाऊण मिलीलिटरच्या आसपास. समजा आत ६०० लिटर ऑईल आहे आणि दिवस-रात्रीत त्याचं तापमान ३० डिग्रीनं वरखाली होतं, तर १३-१४ लिटरचा फरक पडला. तेवढीच हवा ब्रीदरमधून दिवसाला आत-बाहेर करणार. भर पावसाळ्यात हजार लिटर हवेत पाणी असतं साधारण २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या १४ लिटर हवेतून आलं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. आणि एक किलो जेल रंग पूर्ण सोडेपर्यंत कमीत कमी १०० ग्रॅम तरी पाणी पिते. रोजचा पूर्ण अर्धा ग्रॅम धरला तरी २०० दिवस निघतात, आणि लोड वरखाली होत राहतो म्हणून हिशोब डबल केला तरी १०० दिवस.

मग महिन्यात गुलाबी कशी होते? तर ऑईल श्वास घेतंय म्हणून नाही, दमट हवा भलत्याच वाटेनं जेलपर्यंत पोचतीय म्हणून. ही वाट कुठली ते जेलच सांगते, फक्त बाटली उघडायच्या आधी नीट बघायचं. हवा खालून ऑईल कपातून येते त्यामुळं रंग खालून वर बदलत गेला पाहिजे. वरची जेल आधी गुलाबी आणि खालची अजून निळी असेल तर वरच्या फ्लँजचं पॅकिंग किंवा पाईपचा जोड हवा ओढतोय. सगळी एकदम आणि लवकर गेली तर ऑईल कप बघा, बहुतेक कोरडा असणार. कपातलं ऑईल हे दारासारखं काम करतं, दाब पडला तरच हवा त्यातून बुडबुडे काढत जाते, एरवी दार बंद. कप कोरडा म्हणजे दार सताड उघडं, मग ऑईल श्वास घेवो न घेवो जेल बाहेरची ओल खातच बसते. आणि जेल काळपट तेलकट दिसली तर तो ओलाव्याचा विषयच नाही, कॉन्झर्वेटर जास्त भरलाय आणि ऑईल पाईपातून खाली उतरलंय, ती जेल फेकूनच द्या, भाजून वाळवायचा उपयोग नाही.

या कोल्ड स्टोरेजवर दोन्ही सापडलं. वरचं रबर पॅकिंग उन्हानं कडक होऊन चिरलेलं, आणि कपात ऑईलऐवजी धूळ अन् मेलेले किडे. खर्च किती, तर एक पॅकिंग, नवी जेल आणि कपातल्या खुणेपर्यंत ट्रान्सफॉर्मर ऑईल.

आता रबरी पिशवीवाला कॉन्झर्वेटर. कल्पना चांगली आहे, ब्रीदर पिशवीच्या आतल्या हवेला जोडलेला असतो आणि ऑईलला हवा लागतच नाही. पण हे मोठ्या सबस्टेशनच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं काम. तिथं ऑईल हजारो लिटर, मशीन कोटीतलं, देखभालीला माणसं पगारी. आपल्याकडं पिशवी भोकसली तर लगेच कळणार कुणाला? ऑईल पिशवीत शिरतं, पिशवी जड होऊन खाली बसते आणि लेव्हल गेज खोटं दाखवायला लागतं. भरतानाही पिशवी फुगवून तिच्याबाहेरची कॉन्झर्वेटरमधली हवा नीट काढावी लागते, नुसतं वरून ऑईल ओतलं की झालं असं नाही. आणि ब्रीदर तरीही लागतोच हां, तो काही सुटत नाही! ६३० केव्हीएला माझं स्पष्ट मत, नको. त्यापेक्षा वर्षातून एकदा ऑईलचा बीडीव्ही काढा, म्हणजे ऑईल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते तपासा, अडीच मिलीमीटर गॅपला ३० केव्हीच्या खाली आला तर फिल्टर करून घ्या.

साध्या कॉन्झर्वेटरला लोक एकच गोष्ट विसरतात, खालचा ड्रेन. टाकीकडं जाणारा पाईप कॉन्झर्वेटरच्या तळापासून थोडा वर उचललेला असतो, मुद्दाम, म्हणजे पाणी आणि गाळ तळाशी बसावा आणि खाली जाऊ नये. तो गाळ कुणी काढलाच नाही तर एक दिवस पातळी पाईपच्या तोंडाला लागते. शटडाऊनमध्ये थोडं ऑईल बाटलीत सोडून बघायचं, पाण्याचे थेंब तळाला बसलेले दिसतातच. गेजवर ३० डिग्रीची खूण असते, ऑईलचं तापमान तेवढं असेल तेव्हाच त्या खुणेशी ताडून बघा, एप्रिलच्या दुपारी फुल लोडवर लेव्हल वर दिसली म्हणून ऑईल काढू नका.

जेल निळी की केशरी? निळीत कोबाल्ट क्लोराईड असतं, तब्येतीला वाईट, म्हणून नवी घेताना केशरी घ्या. निळी भाजायची तर १२०-१३० डिग्रीला पसरट ट्रेमध्ये रंग परत येईपर्यंत, केशरी त्याहून कमी आचेवर नाहीतर रंग जळतो. आणि घरच्या ओव्हनमध्ये कुठलीच नाही, वहिनींना कळायच्या आधी सांगतोय.

ब्रीदर काढताना पाईप उघडा ठेवून चहाला जायचं नाही, लगेच टोपी लावा. ब्रीदर चोंदलेला असेल तर सोडल्यावर अडकलेला दाब एकदम सुटतो आणि ऑईलच्या धक्क्यानं पाईपमधला बुकोल्झ रिले ट्रिप देऊ शकतो. छोट्या साईटवर बुशिंग जवळ असतात, सरळ लाईन बंद करून घ्या.

उरला पीआरडी. जुन्या व्हेंटला वाकड्या नळीच्या तोंडावर पातळ पडदा असतो, आत स्फोटासारखा दाब आला की तो फुटतो आणि फुटला की फुटला, नवा बसेपर्यंत टाकीत पाऊस सुद्धा जातो. पडद्याला बारीक तडा असेल तर वर्षानुवर्षं ओल जात राहते आणि आपण मात्र ब्रीदरला दोष देत बसतो, त्यामुळं जेलचा तपास करताना हाही बघायचा. पीआरडी स्प्रिंगवर असतो, ठरलेल्या दाबाला काही मिलीसेकंदात उघडतो, दाब उतरला की परत बसतो आणि वर खूण उभी राहते. बदलायचाच तर हा बदल मला पटतो, पण एक अट आहे. पीआरडी उघडला की त्याच्यावरचा स्विच ट्रिप देणार कुठल्या ब्रेकरला? एचटी म्हणजे अकरा केव्हीच्या साईडला ब्रेकर असेल तर उत्तम. नुसता हातानं चालवायचा एबी स्विच आणि डीओ फ्यूज असतील तर पीआरडीचा स्विच एलटीचा, म्हणजे कमी व्होल्टेजकडचा, ब्रेकर पाडेल, आतल्या फॉल्टला अकरा केव्ही मिळतच राहील. या मालकांकडं डीओच होते, म्हणून आत्ता फक्त व्हेंटचा पडदा आणि पॅकिंग नवं केलं आणि पीआरडी बसवायचा तो एचटीचा ब्रेकर घेतील तेव्हा. जोरदार आर्किंग झालं तर पीआरडी असूनही टाकी फुटू शकते, तेव्हा विमा म्हणून त्याच्याकडं बघू नका.

बसवला तर देखभाल थोडीच आहे, पण खोलायचा मोह नको, आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि कव्हर उडालं तर डोकं फुटेल. बाहेरून ऑईल पाझरतंय का आणि तोंडाशी गांधीलमाशीचं पोळं आहे का ते बघायचं, वर्षातून एकदा स्विच हातानं दाबून ट्रिप खरंच येतो का तपासायचं. पावसात विनाकारण ट्रिप आला आणि वरची खूण उभी राहिलेली नसेल तर पीआरडी उघडलाच नाहीये, स्विचच्या डबीत पाणी गेलंय, केबल ग्लँड घट्ट करा आणि केबलला खाली एक वळण देऊन मग डबीत घ्या.