नायलॉनचा पाठ घासायचा पट्टा: वापरला तेव्हा आणि सोडल्यावर

हा रिव्ह्यू खरं तर दोन गोष्टींचा आहे, एक म्हणजे दोन्ही बाजूंना हँडल असलेला तो लांब नायलॉनचा पट्टा जो हल्ली सगळीकडे मिळतो, आणि दुसरं म्हणजे त्याने पाठीवर जे काळं झालं ते घालवायला मी जे केलं ते. पट्टा वर्षभराहून जास्त वापरला, सोडूनही आता बरेच महिने झालेत, म्हणून आत्ता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

पट्टा म्हणून वस्तू चांगली आहे हो. टिकतो, फेस भरपूर होतो, पाठीच्या मधोमध जिथे हात पोचत नाही तिथे पोचतो, आणि घासल्यावर अंग जे हलकं वाटतं ना ते वाटतंच. माझी सवय अशी की लालसर होईस्तोवर घासल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटायची नाही. आमच्याकडे आजीपासून सगळ्यांचं तेच, आधी काथ्या होता, मग घोसाळ्याची जाळी, मग हे नायलॉन.

मग कधीतरी ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा टेलरकाकू म्हणाल्या, अगं पाठीला काय झालंय, मळ बसलाय का. आरशात बघितलं तर खांद्याच्या पात्यांवर आणि मणक्यांच्या रेषेवर तपकिरी-राखाडी पट्टे, आणि सलग डाग नाही तर ओहोटीनंतर वाळूवर लाटांच्या रेघा राहतात तशा बारीक बारीक लहरी. कॉलरबोनवर पण तेच, जरा फिकट. खाज जवळजवळ नाही, दुखत नाही, खपल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे ते दिसतं अगदी मळासारखं, त्यामुळे घरच्यांचा सल्ला एकच, नीट घास. इथेच सगळं फसतं, कारण घासल्यावर डाग आणखी गडद होतो आणि गडद झाला की माणूस आणखी घासतो. केमिस्टने शिबं असेल म्हणून बुरशीचं मलम दिलं, ट्यूब संपली, काडीचा फरक नाही.

स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पाठ बघितली आणि पहिला प्रश्न, घासायला काय वापरता? मी पट्टा म्हटल्यावर त्या हसल्याच. म्हणाल्या याला फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात, म्हणजे घासून घासून येणारा काळेपणा, आणि जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच नायलॉनच्या टॉवेलने घासणाऱ्यांमध्ये हे बघितलं गेलं होतं, म्हणजे नवीन काही नाही. नखाने खरडून बघितलं, कोंडा निघाला नाही म्हणून शिबं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला, कारण मळासारखा दिसणारा एक वेगळाच प्रकार असतो जो साबणाने निघत नाही पण स्पिरिटने पुसला जातो, माझा गेला नाही. मग डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघितलं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे हाडाचा मुद्दा. डाग फक्त तिथेच जिथे कातडीखाली लगेच हाड आहे. मऊ भागावर पट्टा फिरला तर कातडी दबते आणि निभावून नेते, पण कॉलरबोन, पाती, मणके, नडगी इथे कातडी पट्टा आणि हाड यांच्यामध्ये चिरडली जाते. माझा नवरा तोच पट्टा त्याच जोराने वापरतो, पण तो अंगाने भरलेला आणि मी काटकुळी, त्याच्या पाठीवर काही नाही! रोजच्या रोज असं चिरडलं गेलं की वरच्या थरातला रंग वाढतो, शिवाय थोडा रंग खालच्या थरात गळतो आणि तिथल्या पेशी तो गिळून बसतात. वरचा रंग कातडी बदलते तसा निघून जातो, खाली गेलेला मात्र खूप हळू, महिने किंवा वर्षं, आणि कोणाकोणाचा थोडा राहूनही जातो. क्रीम त्या खोलीपर्यंत फारसं पोचत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, ते बरं झालं.

खाज असती तर गोष्ट वेगळी असती म्हणाल्या. अगदी असाच लहरीलहरींचा डाग मॅक्युलर ॲमिलॉइडोसिसमध्ये पण येतो, त्यात बहुतेकांना खाज असते, आणि कातडीच्याच मेलेल्या पेशींच्या केराटिनपासून बनलेलं एक प्रोटीन खाली साठतं. घासणं त्यालाही कारण ठरू शकतं, त्यामुळे दोन्हींत नुसत्या डोळ्यांनी फरक करणं अवघड जातं आणि शंका आली तर छोटा तुकडा काढून काँगो रेड नावाचा रंग देऊन तपासतात. माझं तूर्त नको म्हणाल्या.

आता उपाय. मुख्य औषध म्हणजे न घासणं, आणि न घासणं म्हणजे पट्टा टाकून खरखरीत पंचा घेणं नव्हे. हाताने साबण, तोही सौम्य, कोमट पाणी, आणि अंग पुसताना रगडायचं नाही, टिपायचं. पहिले काही आठवडे मला सतत चिकट आणि अस्वच्छ वाटायचं, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. दिवाळीत उटणं लावलं पण हातानेच आणि ओलं असतानाच धुतलं, आई म्हणाली हे काय उटणं झालं, म्हटलं यावर्षी हेच. ऑफिसची सॅक पण बदलली, तिचे पट्टे बरोबर कॉलरबोनवर घासायचे आणि तिकडचा डाग त्यामुळे हलत नव्हता, हे माझ्या आधी डॉक्टरांच्या लक्षात आलं.

रात्री लावायला 12 टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन दिलं होतं. सुरुवातीला चुरचुरतं, म्हणून एक दिवसाआड लावलं. पाठीला स्वतः लावता येत नाही, नवऱ्याला पकडावं लागतं, आणि त्यालाही चोळू नको, नुसतं पसरव हे दहादा सांगावं लागतं. लोशनने कातडी मऊ झाली, कोरडा राखीपणा गेला, त्यामुळे डाग आहे त्यापेक्षा फिकट दिसायला लागला. लोशनचं काम एवढंच, पण तेवढं करतं. कॉलरबोनवर दिवसा सनस्क्रीन, कारण गळा उघडा राहतो आणि उन्हाने रंग पुन्हा चढतो.

बहीण केमिस्टकडून गोरेपणाची तिहेरी ट्यूब घेऊन आली होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतं ती. डॉक्टरांनी परत करायला लावली, एवढ्या मोठ्या भागावर महिनोन्महिने स्टेरॉइड लावलं तर कातडी पातळ होते आणि डाग राहतो तो राहतोच. लेझरचं विचारलं तर म्हणाल्या करता येतं पण खात्री नाही, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर कधीकधी उलट जास्त काळं होतं, आणि घासणं चालू राहिलं तर पैसे पाण्यात.

निकाल बघायला मी एकाच खिडकीत, एकाच वेळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढत गेले, कारण आरशात रोज बघून काहीच कळत नाही. पहिले दोनेक महिने फोटोत शून्य फरक. मग कॉलरबोन आधी उजळले, बारीक लहरी पुसट झाल्या. पात्यांवर निम्म्याहून कमी राहिलंय. मणक्यांची रेषा जवळपास तशीच आहे, राखाडी छटा असलेली, म्हणजे बहुतेक तिथला रंग खोल गेलाय.

तर पट्ट्याला, भरलेल्या अंगाच्या आणि हलक्या हाताच्या माणसासाठी तीन स्टार, हाडकुळ्या आणि रगडून घासणाऱ्यासाठी एक. लोशनला साडेतीन. पुढची व्हिजिट उन्हाळ्यानंतर आहे, तोपर्यंत मणक्यांवर खाज सुरू झाली तर मात्र तो तुकडा काढून तपासायचं ठरलंय.