गोकाकला पोरो, कणकुंबीला रूफ: दुर्बीण घेताना लोलक कुठला?

गोकाककडच्या एका हायस्कूलमधले तरुण गुरुजी गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे खानापूरला आले होते. घटप्रभा पक्षी अभयारण्यात येणारे कांड्या करकोचे बघायला त्यांना दुर्बीण घ्यायची होती. बेळगावच्या दुकानात त्यांना साधारण सारख्याच किमतीच्या तीन दुर्बिणी दाखवल्या होत्या. दोन जुन्या घडणीच्या, खांद्यासारख्या रुंद, पोरो लोलकाच्या. दोन्ही १०×५०, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाच्या, पण एकीवर लोलकाची काच बीके-७ लिहिलेली, दुसरीवर बीएके-४. तिसरी सरळ नळ्यांची, रूफ लोलकाची ८×४२. "सर, मी तिन्हीतून बघितलं. तिन्ही एकच की हो दिसतात," असं त्यांचं म्हणणं.

दुपारी बारा वाजता दुकानाच्या दारात उभं राहून बघितलं तर तिन्ही सारख्याच दिसणार. का, हे कळायला आधी पोरोच्या पोटात जावं लागतं.

दुर्बिणीतली प्रतिमा उलटी पडते. ती सुलटी करायला पोरोच्या प्रत्येक नळीत दोन काटकोनी लोलक असतात. प्रकाश लोलकाच्या रुंद बाजूतून सरळ आत शिरतो, एका आखूड बाजूवर ४५ अंशांनी आदळतो, तिथून दुसऱ्या आखूड बाजूवर जातो आणि आला तसा मागे फिरतो. दोन लोलक म्हणजे चार परावर्तनं. या चारही जागी आरसा नाही, मुलामा नाही, नुसती काच आणि पलीकडे हवा. काचेतून हवेकडे निघालेला किरण अभिलंबाशी क्रांतिक कोनापेक्षा मोठा कोन करत असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत फिरतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. आरसा वापरला असता आणि तो दर वेळी नव्वद टक्के प्रकाश परतवत असता, तर चार उड्यांनंतर ६६ टक्केच उरला असता. इथे त्या चार जागी काहीच गळत नाही, पण कोन पाळला गेला तरच.

क्रांतिक कोन काढायचं सूत्र शाळेतलंच आहे:

sin C = 1/n

बीके-७ काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५१७, म्हणून क्रांतिक कोन ४१.२ अंश. बीएके-४ चा अपवर्तनांक १.५६९, क्रांतिक कोन ३९.६ अंश. ४५ हा आकडा दोन्हींपेक्षा मोठा आहे, मग बीके-७ ने काय बिघडलं? गुरुजींनी हेच विचारलं, आणि पुस्तकातल्या आकृतीपुरतं ते बरोबरच होतं. आकृतीत एकच किरण काढलेला असतो आणि तो अक्षावरून येतो. खऱ्या दुर्बिणीत वस्तुभिंगाकडून प्रकाशाचा निमुळता होत जाणारा शंकू येतो, आणि शंकूच्या कडेचे किरण तिरपे असतात.

किती तिरपे, ते काढून बघू. वस्तुभिंग ५० मिलिमीटरचं, नाभीय अंतर २०० मिलिमीटर धरू. कडेचा किरण २०० मिलिमीटरमध्ये २५ मिलिमीटर उतरतो, म्हणजे अक्षाशी ७.१ अंशांचा कोन. काचेत शिरताना तो वाकतो आणि बीके-७ मध्ये ४.७ अंश उरतो. आता एका कडेचा किरण आखूड बाजूवर ४५ मध्ये ४.७ मिळवून पडतो, त्याला काही धोका नाही. समोरच्या कडेचा किरण ४५ मधून ४.७ वजा करून पडतो, म्हणजे ४०.३ अंशांवर. बीके-७ ची मर्यादा ४१.२. हा किरण फुटतो, थोडा आत फिरतो आणि बाकीचा बाहेर गळतो. बीएके-४ मध्ये हाच किरण ४०.५ अंशांवर पडतो आणि तिथली मर्यादा ३९.६, म्हणून तो सुखरूप परततो. सगळा फरक एवढ्या एक-दीड अंशाचा आहे.

पुढच्या आखूड बाजूवर पाळी बदलते. पहिल्या ठिकाणी वाचलेली कड तिथे गळते. दुसरा लोलक पहिल्याला काटकोनात बसवलेला असतो, म्हणून उरलेल्या दोन कडाही सुटत नाहीत. वर्तुळाच्या चार बाजूंनी चार कापे जातात आणि डोळ्याकडे निघणारी गोल तबकडी चौकोनी दिसू लागते. आपल्या हिशेबातल्या दुर्बिणीत तबकडीचा साधारण पाचवा हिस्सा असा करडा पडतो. वस्तुभिंग मंद असेल, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट किंवा जास्त असेल, तर अक्षावरच्या प्रकाशासाठी बीके-७ सुद्धा पुरते. त्यामुळे बीके-७ म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. पण आखूड, आटोपशीर दुर्बिणीत ती तोकडी पडते.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. दुर्बीण हातभर लांब धरा, उजळ आभाळाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि नेत्रिकेत तरंगणारी उजळ तबकडी बघा. पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असेल तर लोलक ठीक. आत चौकोन आणि बाजूला करड्या फाकी दिसल्या तर प्रकाश गळतो आहे. त्या फाकी जरा निळसर दिसतात, कारण निळ्या प्रकाशासाठी काचेचा अपवर्तनांक किंचित जास्त, म्हणजे क्रांतिक कोन किंचित कमी, म्हणून निळा लाल रंगापेक्षा थोडा उशिरा गळतो. वर छापलेल्या बीएके-४ या अक्षरांपेक्षा मी या तबकडीवर जास्त विश्वास ठेवतो.

मग दुपारी फरक का दिसला नाही? १०×५० मधून निघणारी तबकडी ५ मिलिमीटरची असते. फाकी कापल्या तरी मधला चौकोन ४ मिलिमीटरचा उरतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली जेमतेम २-३ मिलिमीटर उघडी असते. ती त्या चौकोनात आरामात बसते आणि कडेच्या फाकी डोळ्यात शिरतच नाहीत. पण घटप्रभेवरच्या धुपदाळच्या बंधाऱ्यावर पहाटे उभे राहिलात तर बाहुली ५ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि तेव्हा तो पाचवा हिस्सा जाणवतो. करकोचे बघायची वेळही नेमकी तीच. त्यामुळे दोन पोरोंमध्ये माझ्या लेखी वादच नाही. किमतीत फारसा फरक नसेल तर बीएके-४.

रूफ लोलकाचं गणित वेगळं. सरळ नळीत बसवायचा म्हणून त्याची रचना गुंतागुंतीची, आणि बाजारातल्या बहुतेक रूफ दुर्बिणींमध्ये जो प्रकार असतो (श्मिट-पेखन) त्यात एका पृष्ठावर प्रकाश क्रांतिक कोनापेक्षा कमी कोनात पडतो. काच कितीही चांगली असो, तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही. तिथे आरशाचा मुलामा द्यावाच लागतो. ॲल्युमिनियमचा असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश त्या एका जागी जातो, चांदीचा असेल तर कमी, डायइलेक्ट्रिक थरांचा असेल तर जवळजवळ काहीच नाही. शिवाय छपरासारख्या दोन उतारांवर किरणांचा झोत दुभंगून पुन्हा जुळतो. पूर्ण आंतरिक परावर्तनात प्रकाशाच्या दोन ध्रुवित घटकांची कला वेगवेगळी सरकते, त्यामुळे झोताचे ते दोन भाग नीट जुळत नाहीत आणि पिसांवरच्या बारीक रेघा पुसट होतात. त्यावर उपाय म्हणजे फेज कोटिंग. ते नसलेली स्वस्त रूफ त्याच किमतीच्या पोरोपुढे फिकी पडते. पोरोत झोत दुभंगतच नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

इथवर वाचून पोरोच घ्यावी असं वाटेल. मलाही वाटलं होतं. माझी पहिली पोरो मी जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या रानात धनेशांच्या मागे फिरवली. दोन पावसाळ्यांत तिच्यातून बघणं म्हणजे गोधडीतून बघितल्यासारखं झालं. बाहेरची भिंगं स्वच्छ होती. उघडल्यावर आतल्या लोलकांवर बुरशीचं जाळं दिसलं.

साध्या पोरोत फोकस करताना नेत्रिकांचा पूल मागेपुढे सरकतो आणि दर वेळी दुर्बीण थोडी हवा आत ओढते. मलप्रभेच्या उगमापाशी जुलैत ती हवा कसली असते ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. गारव्यात ते बाष्प लोलकावर धरतं. पाणी टेकलं की हिशेब बदलतो, कारण काच आणि हवा यांचा क्रांतिक कोन ४१ अंश, तर काच आणि पाणी यांचा ६१ अंशांच्या पुढे. ४५ अंशांवर आलेला किरण पाण्यात शिरतोच. पाण्याचा अगदी सपाट पापुद्रा असता तर पाण्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून तो पुन्हा आत फिरला असता. पण दव थेंबाथेंबांनी बसतं, आणि वक्र थेंबात गेलेला किरण वाट्टेल तिकडे निघतो. बुरशीही तेच करते, फक्त दव सुकतं आणि ती राहते. घरी बघायचं असेल तर काचेच्या पेल्यात पाणी भरा, पेला हातात धरा आणि वरून पाण्यातून पेल्याच्या भिंतीकडे बघा. भिंत चांदीसारखी चमकते, बोटं दिसत नाहीत. बोट ओलं करून घट्ट दाबा, त्याच्या रेघा लखलखीत उमटतात. काचेला जिथे काही चिकटलं तिथे परावर्तन मोडलं.

आपल्या गावात येणाऱ्या इंटरनेटच्या फायबरमध्ये ही अडचण आधीच ओळखून सोडवलेली आहे. तिथे काच आणि हवा अशी सीमा ठेवलेलीच नाही. गाभ्याच्या काचेभोवती किंचित कमी अपवर्तनांकाची दुसरी काच असते. गाभा १.४६८ आणि आवरण १.४६३ धरलं तर क्रांतिक कोन ८५ अंशांच्या वर जातो, म्हणजे तंतूला जवळजवळ समांतर धावणारे किरणच टिकतात. कोनाची सवलत गेली, पण परावर्तनाची जागा काचेच्या आत सुरक्षित राहिली. बाहेरून घाम, धूळ, पाणी काहीही लागो. (अगदी बारीक, एकमोडी गाभ्यात किरणांचं चित्र ताणू नये, तिथे तरंगांची भाषा लागते.) दुर्बिणीच्या लोलकाला असं आवरण देता येत नाही, कारण ४५ अंशांवर प्रकाश सरळ त्यात निघून जाईल. त्याला बाहेर कोरडी हवाच हवी.

ती कोरडी हवा कोंडून ठेवणं रूफला सोपं जातं. तिचा फोकस आतल्या आत सरकतो, त्यामुळे नळी सील करून आत नायट्रोजन भरता येतो. सीलबंद पोरोही मिळतात, पण त्यांत बहुधा दोन्ही नेत्रिका वेगवेगळ्या फिरवाव्या लागतात. फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या पाखरामागे ते जमत नाही.

गुरुजींचं गोकाक, त्यापुढे अथणी, चिकोडी हा कोरडा भाग. पक्षी उघड्या पाण्यावर, लांब, आणि हंगाम हिवाळ्याचा. त्यांना मी बीएके-४ ची पोरो सुचवली, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या बोलीवर. दुकानात परत गेल्यावर त्यांनी तबकडी बघितली आणि फोन केला, "सर, बीके-७ मध्ये चौकोन दिसतोय की!" खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्याने मात्र रूफच घ्यावी, पण नायट्रोजन आणि फेज कोटिंग दोन्ही लिहिलेली. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेली, फेज कोटिंग नसलेली रूफ दुकानदार पुढे करत असेल तर मी आणखी एक हंगाम थांबून पैसे साठवीन.