समान गुण, समान क्रमांक आणि पुढची रिकामी जागा: निकालपत्रकात RANK आणि COUNTIFS वापरल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने घटक चाचणीपासून सत्र परीक्षेपर्यंत सगळ्या निकालपत्रकांतले क्रमांक मी एक्सेलमध्ये सूत्रानेच काढते आहे. सुरुवात RANK.EQ ने केली, आता जवळजवळ सगळीकडे COUNTIFS वापरते. या दोन्हींमधला फरक साध्या निकालात दिसत नाही. समान गुणांचे विद्यार्थी आणि नापास विद्यार्थी एकाच यादीत आले की मात्र तो लगेच कळतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम. दोघांना समान गुण असतील तर दोघांचा क्रमांक दुसरा, आणि त्यांच्यानंतरच्याचा चौथा. तिसरा क्रमांक कोणालाच मिळत नाही. पालक हमखास विचारतात, "तिसरा नंबर कुठे गेला?" उत्तर सोपं आहे: क्रमांक म्हणजे आपल्यापेक्षा जास्त गुण असलेले किती जण, अधिक एक. चौथ्या मुलाच्या पुढे खरोखर तिघे आहेत, मग तो तिसरा कसा होईल? एवढी एक व्याख्या धरून ठेवली की पुढची सगळी सूत्रं आपोआप समजतात.

उदाहरणासाठी 10 विद्यार्थ्यांचा वर्ग घेऊ. सहा विषय, एकूण 600 गुण. F स्तंभात एकूण गुण असे आहेत: 521, 507, 507, 496, 482, 482, 482, 470, 455, 431. H स्तंभात क्रमांक हवा. सगळ्यात सरळ सूत्र हे:

```
=RANK.EQ(F2,$F$2:$F$11,0)
```

शेवटचा 0 म्हणजे जास्त गुणांना वरचा क्रमांक. उत्तर येतं 1, 2, 2, 4, 5, 5, 5, 8, 9, 10. दोघे दुसरे झाल्यावर 3 गळतो, तिघे पाचवे झाल्यावर 6 आणि 7 गळतात. म्हणजे क्रमांक सोडण्याचं काम हे सूत्र स्वतःच करतं, वेगळं काही करावं लागत नाही. जुनं RANK हेच उत्तर देतं. RANK.AVG मात्र निकालासाठी घेऊ नये. ते 507 वाल्या दोघांना 2.5 देतं आणि 482 वाल्या तिघांना 6. सांख्यिकीत त्याला अर्थ आहे, प्रगतिपुस्तकावर अडीचवा क्रमांक लिहिता येत नाही.

इथे डॉलरच्या खुणा फार महत्त्वाच्या आहेत. त्या गाळून सूत्र खाली ओढलं की ज्या चौकटींशी तुलना होते ती कक्षाही एकेक ओळ खाली सरकते. यादी गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेली असेल तर प्रत्येकाच्या कक्षेत तो स्वतः आणि त्याच्या खालचेच उरतात, त्यामुळे अख्खा वर्ग पहिला येतो. हे निदान डोळ्यांत तरी भरतं. यादी हजेरी क्रमांकाने लावलेली असेल तर मात्र क्रमांक खरे वाटावेत असे विखुरलेले येतात आणि शंकासुद्धा येत नाही. शेवटच्या ओळीतलं सूत्र उघडून कक्षा $F$2:$F$11 च आहे ना, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

आता ज्यासाठी मी RANK.EQ सोडलं ते. वरच्या यादीतला 470 वाला विद्यार्थी बघा. त्याचे गुण आहेत 88, 91, 86, 90, 84 आणि एका विषयात 31. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात 35 लागत असतील तर एकूण इतकी चांगली असूनही तो अनुत्तीर्ण आहे आणि त्याला क्रमांक द्यायचा नाही. बहुतेक जण इथे IF लावून त्याचा क्रमांक फक्त लपवतात. G स्तंभात निकाल असेल तर सूत्र असं होतं:

```
=IF(G2="उत्तीर्ण",RANK.EQ(F2,$F$2:$F$11,0),"")
```

उत्तर येतं 1, 2, 2, 4, 5, 5, 5, रिकामं, 9, 10. बघताना सगळं ठीक वाटतं. तिघे पाचवे आहेत म्हटल्यावर पुढे क्रमांक गळणारच, हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे 5 नंतर 9 आलेला खटकत नाही. पण हिशेब करा. तिघे पाचवे असतील तर पुढचा क्रमांक 5 अधिक 3, म्हणजे 8 हवा. 455 वाल्या विद्यार्थ्याच्या पुढे उत्तीर्ण झालेले सातच जण आहेत, तरी त्याला नववा क्रमांक मिळाला. सूत्राने नापास मुलाचा क्रमांक फक्त दिसू दिला नाही, मोजणीत त्याला धरलंच. समान गुणांमुळे पडलेल्या खऱ्या फटीच्या आड ही खोटी फट लपून जाते, आणि तिचं नुकसान एका मेहनती मुलाला सोसावं लागतं. म्हणून मला ही बाब फार गंभीर वाटते.

फिल्टर लावून नापास ओळी लपवल्या तरी उपयोग नाही. RANK.EQ लपलेल्या ओळीही मोजतं. खरा उपाय म्हणजे व्याख्या जशी आहे तशीच सूत्रात लिहिणं: उत्तीर्णांपैकी माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले किती, अधिक एक.

```
=IF(G2="उत्तीर्ण",
 COUNTIFS($G$2:$G$11,"उत्तीर्ण",
 $F$2:$F$11,">"&F2)+1,"")
```

आता 455 ला 8 आणि 431 ला 9 येतो. समान गुणवाल्यांची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही, कारण ">" मध्ये बरोबरीचे मोजलेच जात नाहीत. 507 वाले दोघेही स्वतःच्या पुढे फक्त 521 ला बघतात, म्हणून दोघेही दुसरे. तुकडीनुसार क्रमांक हवा असेल तर C स्तंभातल्या तुकडीची आणखी एक अट, `$C$2:$C$11,C2`, त्याच कंसात घालायची. RANK.EQ ला अशी अट घालता येत नाही, तुकडी बदलली की कक्षा हाताने बदलावी लागते. अनेक तुकड्यांचा निकाल एकाच पत्रकात असेल तर एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी COUNTIFS च निवडेन.

क्रमांक बरोबर आहेत का, हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. पत्रकाची प्रत काढायची, उत्तीर्ण विद्यार्थीच ठेवायचे, गुणांनुसार उतरता क्रम लावायचा आणि बाजूला 1, 2, 3 असे ओळींचे आकडे टाकायचे. समान गुणांच्या प्रत्येक गटातल्या पहिल्या विद्यार्थ्याचा क्रमांक आणि ओळीचा आकडा जुळलाच पाहिजे. 482 वाल्यांची पहिली ओळ पाचवी आहे आणि क्रमांकही 5, म्हणजे ठीक. एक जागा जरी जुळली नाही तरी वर कुठेतरी कोणी जास्तीचा मोजला गेला आहे किंवा कोणी सुटला आहे.

सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मजकूर म्हणून बसलेला आकडा. दुसरीकडून गुण चिकटवले की एखादं 496 संख्या न राहता मजकूर होतं. दिसायला तेच, फक्त बहुधा चौकटीत डावीकडे सरकलेलं असतं. ते मोजणीतून गळतं आणि त्याच्या खालचे सगळे एकेक क्रमांक वर चढतात. `=COUNT(F2:F11)` फक्त संख्या मोजतं. उत्तर 10 ऐवजी 9 आलं की समजायचं. एकूण गुणांच्या जागी "गैरहजर" लिहिलं असेल तर RANK.EQ त्या ओळीत #VALUE! दाखवतं, म्हणून गैरहजेरीची नोंद निकालाच्या स्तंभातच ठेवलेली बरी.

दशांश गुणांचा त्रास याच्या उलट असतो. लेखी परीक्षेला 80 टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20 टक्के भारांश असेल तर गुण गुणाकारातून येतात, आणि संगणकाच्या आत दोन समान उत्तरांमध्ये फार मागच्या दशांशस्थळी फरक राहू शकतो. पत्रकात दोघांचे 86.6 दिसतात, क्रमांक मात्र 2 आणि 3 येतात. कधी तर गुणच वेगळे असतात: 86.64 आणि 86.56 हे दोन्ही एका दशांशस्थळापर्यंत दाखवले की 86.6 दिसतात. दोन्हींवर उपाय एकच. एकूण गुणांच्या सूत्रालाच ROUND लावायचं आणि छापील निकालात जितकी दशांशस्थळं दिसणार तितक्यावरच क्रमांक काढायचा. पालकाला जे आकडे समान दिसतात ते सूत्रालाही समान दिसले पाहिजेत.

आणखी एक सूत्र शिक्षकांच्या पत्रकांत बरंच फिरतं. त्यात क्रमांकाला पुढचा तुकडा जोडतात:

```
=H2+COUNTIF($H$2:H2,H2)-1
```

याने कोणाचाच क्रमांक सारखा राहत नाही, 507 वाल्यांपैकी एक दुसरा आणि एक तिसरा होतो. कोण तिसरा होणार हे फक्त ओळ ठरवते, म्हणजे बहुतेक वेळा हजेरी क्रमांक. हे मुलांना दाखवायच्या स्तंभात अजिबात नको. पण लपवलेल्या मदतनीस स्तंभात ते फार कामाचं आहे. गुणवत्ता यादी INDEX आणि MATCH ने ओढायची असेल तर MATCH ला 2 शोधायला सांगितल्यावर पहिलाच विद्यार्थी सापडतो, दुसरा कधीच येत नाही, आणि 3 शोधल्यावर #N/A येतं. शोध मदतनीस स्तंभात घ्यायचा आणि छापायचा मात्र खरा क्रमांक, म्हणजे यादीत दोघेही येतात आणि दोघांपुढे 2 च दिसतो. ज्यांचा क्रमांक रिकामा आहे त्यांच्यासाठी याही सूत्राला बाहेरून IF लागतो.

काही ठिकाणी क्रमांक न सोडता 1, 2, 2, 3 असे देतात. तोही एक नियमच आहे, संस्थेने ठरवला असेल तर तसाच पाळावा. पण पुनर्तपासणीनंतर दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. समजा 496 वाल्याचे 11 गुण वाढून 507 झाले. आपल्या पद्धतीत आता तिघे दुसरे झाले आणि 482 वाले तिघे पाचवेच राहिले, कारण त्यांच्या पुढे आधीही चौघे होते आणि आताही चौघेच आहेत. त्यांची प्रगतिपुस्तकं बदलायची गरज नाही. क्रमांक न सोडण्याच्या पद्धतीत तेच तिघे चौथ्यावरून तिसरे होतात, त्यांच्यामागचे सगळेही एकेक क्रमांक वर सरकतात, आणि एका मुलाच्या एका उत्तरपत्रिकेसाठी निम्म्याहून जास्त वर्गाचे क्रमांक नव्याने लिहावे लागतात.