ट्रेमधल्या मका चाऱ्याचं युनिट घ्यायच्या आधी हे वाचा

सांगोल्याकडं उन्हाळ्यात ओल्या वैरणीची काय बोंब असते ते गाई सांभाळणाऱ्याला सांगायला नको, आणि नेमकं तेच हेरून मातीशिवाय ट्रेमध्ये मका उगवून चारा करायचं युनिट विकणारे एजंट लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात. आमच्याकडं आलेल्यानं सांगितलं की एक किलो मक्यापासून आठ दिवसात दहा किलो हिरवा चारा, दीड-दोन रुपये किलोनं, गवत बंद, पेंड निम्मी, वर शासनाचं अनुदान. शेडनेट, रॅक, ट्रे, फॉगर, टायमर धरून दीड लाखाचं युनिट गळ्यात मारलं. अनुदानाचं सगळं तोंडीच होतं, कोटेशनवर त्याचा एक शब्द नाही.

डेमोत दहा किलो भरलं हे खरं, पण कसं ते बघा. फॉगर बंद केल्या केल्या त्यानं ट्रे उचलून काट्यावर ठेवला, खालून पाणी टपकत होतं. मक्याच्या मुळ्यांची जी गादी होते ती स्पंजासारखं पाणी धरून बसते. आपण घरी तीच गादी तासभर निथळत ठेवून मोजली तर किलोला साडेपाच-सहा किलोच्या वर जात नाही, चांगली उगवण असेल तरच.

आता खरी मेख. त्या चाऱ्यातला एक किलो मी बारीक तोडून पत्र्यावर कडक उन्हात पार कुडकुडीत वाळवला, राहिला जेमतेम 130 ग्रॅम. म्हणजे सहा किलो चाऱ्यात कोरडा भाग पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास, आणि आपण जो एक किलो मका घातला त्यात कोरडा भाग होता साधारण 880 ग्रॅम! वाढलं ते पाणी, माल उलट घटला, कारण कोंब वाढताना दाण्यातलाच स्टार्च खर्च होतो. एजंट लॅब रिपोर्ट दाखवतो की प्रोटीनचा टक्का वाढला, ते खोटं नसतं पण स्टार्च कमी झाला म्हणून टक्का वर दिसतो, एकूण प्रोटीन जवळपास तेवढंच.

हिशोब करू. मका 22 रुपये धरला तर नुसत्या बियाण्याचेच किलो चाऱ्याला पावणेचार रुपये, लाईट, मजुरी, ट्रेची झीज धरून पाच. कोरड्या मालाच्या भावात तो पडतो 38 रुपये किलो. तोच मका भरडून घातला तर 25 रुपये, आणि शेतातला ओला मका साडेतीननं विकत घेतला तरी 16-17. मग भरडा सोडून ट्रे कशाला धुवायचे सांगा.

आणि 400 किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 12 किलो कोरडा भाग लागतो, तो नुसत्या ट्रेमधून भागवायचा तर 90 किलो चारा होतो, गाय खाईल का एवढा? गवत कमी करून हे जास्त घातलं तेव्हा आमच्या गाईंचं शेण पातळ झालं, रवंथ कमी, डेअरीत फॅट उतरली. यात तंतूच नाही ना पुरेसा, कडबा पोटभर पाहिजेच. ट्रेमधला चारा पाच-सात किलोपर्यंत कडब्यावर टाकून दिला तर गाई आवडीनं खातात, पण तो गवताला पर्याय नाही.

बियाण्यातही लूट. "आमचंच बियाणं वापरा" म्हणून 45 रुपये किलोची पिशवी, फोडली तर आडतीवरचाच मका, फुटके दाणे भरपूर. फुटका दाणा उगवत नाही, तो सडतो आणि तिथूनच बुरशी सुरू. पावसाळी दमट हवेत तर वरून हिरवंगार दिसतं, गादी उलटी केली की मुळ्यांत राखाडी-काळे डाग अन् आंबूस वास. असला चारा डाग काढून पण घालू नका, सरळ उकिरड्यावर टाका, गाभण गाईला तर अजिबातच नको. आणि कृषी केंद्रातलं लाल-गुलाबी औषध लावलेलं पेरणीचं बियाणं स्वस्तात मिळालं तरी ट्रेत घालू नका, ते विष आहे.

पाणी कमी लागतं, जागा कमी लागते, हे मात्र खरं. शेतच नाही, दोन-चार शेळ्या आहेत, त्यांनी घरच्या घरी करावं. मका 12 तास भिजवा, फुटके आणि तरंगणारे काढा, ओल्या गोणपाटात एक दिवस मोड आणा, मग भोकं पाडलेल्या ट्रेत पातळ पसरा आणि सावलीत पाणी शिंपडत रहा. यासाठी दीड लाख लागत नाहीत, जुन्या क्रेटवर भागतं.

पैसे परत मागितले तर एजंट म्हणतो "तुमचं मॅनेजमेंट चुकलं", आता फोनच उचलत नाही. तुमच्याकडं कोणी डेमोला आला तर बियाणं तुमच्या काट्यावर मोजून द्या, ट्रे तासभर निथळू द्या, मग वजन करा. आणि अनुदान असेल तर पंचायत समितीत आधी स्वतः विचारून या, तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.