कमोड हलतोय: स्क्रू आवळायचे की रिंग बदलायची?

बसताना कमोड जरासा डुलतो किंवा त्याच्या बुडाशी ओल दिसते, तेव्हा दोन उपाय पुढे येतात. एक, स्क्रू आवळायचे. दोन, कमोड उचलून त्याच्या आणि पाइपाच्या जोडातली, पाणी अडवणारी रिंग बदलायची. पहिलं काम अर्ध्या तासाचं, दुसऱ्यात अर्धा दिवस जातो. पण निवड वेळेवरून करू नका, पाणी कुठलं आहे त्यावरून करा. (हे एस-ट्रॅप, म्हणजे ज्याचा पाइप जमिनीत जातो त्या कमोडबद्दल. ज्याचा पाइप मागच्या भिंतीत जातो, त्याची गळती मागच्या जोडावर शोधावी लागते.)

पाणी ओळखायला थोडीशी नीळ पुरते. आधी बूड कोरडं पुसा, भोवती वर्तमानपत्र अंथरा आणि तासभर काहीच वापरू नका. कागद तरीही भिजला तर दोष अँगल कॉक, जेट स्प्रे किंवा टाकीच्या नळीत आहे, रिंगेचा काही संबंध नाही. कागद कोरडा राहिला तर कमोडमधल्या पाण्यात नीळ कालवून फ्लश करा, असं दोन-तीनदा. निळसर ओल कडेला आली तर रिंग गेली, किंवा भांड्याला तडा आहे. ओल आली पण स्वच्छ पाण्याची, तर टाकी आणि भांड्यामधला जोड पाहा. आंघोळीचं पाणीही बुडाखाली शिरून बसतं आणि कमोड हलला की बाहेर येतं, म्हणून ही परीक्षा आंघोळीआधी करा.

ओल नाही, वासही नाही, फक्त हालचाल आहे, तर आवळणं पुरेल. पण आवळण्याआधी कमोड कुठल्या बाजूला उचलतोय ते बघून तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा. फरशी उंचसखल असेल तर स्क्रूच्या जोरावर कमोड खाली ओढायला जाऊ नये. चिनी माती वाकत नाही, तडकते. दोन्ही बाजू आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळा आणि हालचाल थांबली की तुम्हीही थांबा. आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. खाऱ्या हवेने आणि सततच्या ओलीने साध्या लोखंडी स्क्रूची मान गंजते आणि आवळताना डोकंच हातात येतं. स्क्रू नुसता गरगर फिरत असेल तर फरशीतला प्लग सैल झालाय. तिथे नवा, जाड प्लग आणि स्टेनलेस किंवा पितळेचा स्क्रूच हवा. फरशी वाजवल्यावर पोकळ आवाज आला तर आधी फरशी बसवून घ्या, नाहीतर नवा प्लगही टिकणार नाही.

निळी ओल असेल तर नुसतं आवळून भागत नाही. मेणाची रिंग एकदा दबली की परत फुगत नाही. कमोड डुलून तिच्यात फट पडली की ती कायमची. मालवणच्या बाजूच्या एका होमस्टेमधला प्रकार घ्या. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवलेली, त्यामुळे पाइपाचं तोंड टाइलपेक्षा साधारण २० मिलिमीटर खाली गेलेलं. रिंग मात्र नेहमीच्या जाडीची. ती पाइपाला जेमतेम टेकत होती. स्क्रू आवळले की काही दिवस ओल थांबायची, पुन्हा यायची. उपाय होता जाड रिंग घालण्याचा.

तेव्हा बदलताना पाइपाचं तोंड टाइलच्या किती खाली आहे ते मोजून मगच दुकानात जा. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, भांड्यातलं पाणी फडक्याने टिपा, कडेचं सिमेंट किंवा सिलिकॉन कापा आणि दोघांनी मिळून कमोड सरळ वर उचला. पाइपाच्या तोंडात फडका कोंबा (कमोड बसवण्याआधी काढायला विसरू नका), जुनं मेण पूर्ण खरवडा. कमोड सरळ खाली बसवा, एकदा टेकला की फिरवू नका. उचलावा लागला तर मेणाची रिंग पुन्हा नवी. म्हणून प्लंबर नवखा असेल तर रबराची रिंग बरी, तिला एखादी चूक चालते.

दोन्ही कामांनंतर बुडाभोवती व्हाइट सिमेंट थापण्याची आपल्याकडे सवय आहे. ते मला पटत नाही. पुढे कधी कमोड काढताना भांडं फुटतं आणि गळती आत दडून राहते. पुढून आणि बाजूंनी सिलिकॉन लावा, मागे चार बोटं जागा मोकळी सोडा. सिलिकॉन एक दिवस सुकू द्या.

एक अपवाद कोकणात नेहमी भेटतो. ओल फक्त आषाढ-श्रावणात येते आणि त्याच दिवसांत फ्लशचं पाणी हळू उतरतं. जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, मैल्याची टाकी तुंबते आणि पाणी कमोडखालच्या जोडाशी उभं राहतं. अशा वेळी रिंग बदलूनही पाणी सावकाशच उतरेल, म्हणून आधी ही टाकी आणि खड्डा तपासून घ्या आणि कमोडला दिवाळीनंतर हात लावा.