वांग्याचे दोन हंगाम : दहा गुंठे शेणखतावर, दहा गुंठे युरियावर

वीस गुंठ्यांचं एकच रान. मधे बांध टाकला. एका बाजूला नुसतं शेणखत आणि निंबोळी पेंड, दुसऱ्या बाजूला युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश. वाण एकच, पाणी ठिबकचं. दोन हंगाम झाले, म्हणून लिहितोय.

आधी खर्चाचं, कारण मी तिथेच फसलो. वांग्याला हेक्टरी साधारण १५० किलो नत्र लागतं, म्हणजे दहा गुंठ्यांना १५ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, तेव्हा ३३ किलो युरियात भागतं. अनुदानामुळे ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आतच मिळते. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. कागदावर तीन टन, म्हणजे आमच्याकडची एक ट्रॉली पुरते. मी तेवढीच टाकली आणि निवांत बसलो. पण पहिल्या वर्षी त्यातलं जेमतेम एक तृतीयांश नत्रच पिकाच्या हाती लागतं, बाकीचं मातीत हळूहळू सुटतं. हिशेबाने तीन ट्रॉल्या हव्या होत्या. शेणखताची ट्रॉली, वाहतूक आणि पसरायची मजुरी धरली तर युरियाशी बरोबरीच होत नाही.

त्यात पहिल्या हंगामात खत अर्धकच्चं निघालं. देणारा "कुजलेलंय हो" म्हणाला, मीही ढिगात हात घातला नाही. आत हात घालून ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते कच्चंच समजायचं. पंधरा-वीस दिवसांत रोपं सुकायला लागली. ओढली की अलगद हातात यायची, मुळं कुरतडलेली. खाली उकरलं तर हुमणी.

पहिल्या हंगामात रासायनिक बाजूला ३४ क्विंटल, सेंद्रियला २१. दुसऱ्यात खत चांगलं मुरलेलं आणि तीन ट्रॉल्या, तेव्हा ३३ ला २८. तरी थंडीत सेंद्रिय बाजूची खालची पानं पिवळी पडलीच. गारठ्यात जिवाणू मंदावतात, नत्र सुटत नाही. युरियाच्या बाजूला मात्र पानं लुसलुशीत, त्यामुळे तुडतुडे जास्त आणि फवारण्याही दोन जास्त.

माती तपासली. सेंद्रिय कर्ब ०.४६ वरून ०.५० झाला. एवढा फरक नमुना घेण्यातही पडतो, त्यावर माझा भरवसा नाही. खुरपं मात्र खोटं बोलत नाही. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी युरियाच्या बाजूला वर पापडी धरायची, खुरपं खणकन आपटायचं. पलीकडे माती भुसभुशीत, वाफसा टिकायचा, उन्हाळ्याच्या तोंडी तिथलं पाणी एक दिवस उशिरा दिलं तरी झाड मान टाकत नव्हतं.

म्हणून यंदा सगळ्या वीस गुंठ्यांना तीन ट्रॉल्या शेणखत आणि अर्धा युरिया, तोही लागवडीनंतर महिन्याने आणि दीड महिन्याने वाटून. खत जानेवारीतच आणून झाडाखाली ढीग लावलाय, वर पाचट. मधूनमधून पाणी मारतो आणि कोपरापर्यंत हात घालून बघतो. अजून ऊब आहे.