जीएसटीची इंग्रजी नोटीस आणि फोनवरचं भाषांतर ॲप: आठ महिन्यांनंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. मराठी घरची भाषा, गुजराती गल्ल्यावरची. इंग्रजी बिलापुरतं येतं, नोटिशीपुरतं येत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी फोनवर भाषांतराचं ॲप घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अशी ॲपं बहुतेक सारखीच चुकतात. तेव्हापासून तीन नोटिसा त्यातून वाचल्या. पहिलीचा अनुभव सविस्तर सांगतो, खरी शिकवण तिनेच दिली.

ती ASMT-10 होती, म्हणजे कलम 61 खाली रिटर्नची छाननी. वर्ष 2021-22. पोर्टलवर कधी येऊन पडली, कळलंच नाही. नोटीस पोर्टलवर टाकली की ती आपल्याला मिळाली असं कायदा धरतो. म्हणून आता दर सोमवारी `View Notices and Orders` आणि `View Additional Notices/Orders` ही दोन्ही पानं उघडतो.

पहिल्याच ओळीत ॲपने दगा दिला. ‘रिटर्न’चं त्याने केलं ‘परतावा’. ‘तुमच्या परताव्यात विसंगती आढळली.’ मी म्हटलं, आपण कधी परतावा मागितलाच नाही, नोटीस चुकून आली असणार! दोन दिवस निवांत होतो. मग भाच्याने मूळ पान बघितलं आणि म्हणाला, “मामा, हे विवरणपत्राबद्दल आहे, रिफंडबद्दल नाही.” तसंच ‘रिव्हर्स चार्ज’चं, म्हणजे समोरच्याऐवजी आपणच भरायच्या कराचं, ‘उलट शुल्क’ झालं, आणि ‘क्रेडिट’, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, कधी ‘श्रेय’ तर कधी ‘उधारी’. तेव्हापासून हे शब्द भाषांतरात आले की मी थांबतो आणि मूळ शब्द बघतो.

दुसरा घोळ तक्त्याचा. छापील कागदावर कॅमेरा धरला की रकाने सरकतात, आकडा शेजारच्या ओळीत जाऊन बसतो. पीडीएफ फोनवरच उघडून स्क्रीनशॉट दिला तर बरंच नीट येतं. तरीही आकडे आणि तारखा मी मूळ पानावरूनच उतरवतो. जीएसटी नंबर मात्र स्क्रीनशॉटमधून कापून टाकतो.

भाषांतर झालं की सगळं पुन्हा वाचत बसत नाही. एका कोऱ्या पानावर फक्त मागणीची वाक्यं उतरवतो: सादर करा, स्पष्ट करा, भरा, हजर राहा. बाकीची अर्धी नोटीस कलमांचीच असते. आमच्या नोटिशीतून एवढंच उरलं: 3B मध्ये, म्हणजे आपण भरलेल्या रिटर्नमध्ये, घेतलेलं क्रेडिट 4,86,200, 2B मध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं त्या तक्त्यात, दिसणारं 4,31,900, फरक 54,300. तो मान्य असेल तर व्याजासह भरा, नसेल तर कारण आणि कागद द्या. उत्तर ASMT-11 या फॉर्ममध्ये, दिलेल्या तारखेच्या आत. नियमाप्रमाणे ही मुदत 30 दिवसांपेक्षा जास्त नसते, पण मागितली तर अधिकारी वाढवू शकतात.

कुठले कागद, हे नोटिशीत धड लिहिलेलं नव्हतं. ‘आवश्यक पुरावे’ एवढंच. म्हणून फरकच फोडावा लागला, आणि इथे ॲपचा काही उपयोग नाही, खातेवहीच लागते. 38,700 निघाले ट्रकभाड्यावरच्या रिव्हर्स चार्जचे. आमचे ट्रकवाले नोंदणी नसलेले, त्यामुळे ती रक्कम 2B मध्ये येणारच नव्हती. तिचा पुरावा म्हणजे आपणच आपल्या नावाने काढलेली बिलं, भाड्याच्या पावत्या आणि 3B मध्ये तो कर रोख भरल्याची नोंद. 9,900 एका व्यापाऱ्याचे. ऑक्टोबरचं बिल त्याने एप्रिलमध्ये चढवलं, म्हणून ते पुढच्या वर्षाच्या 2B मध्ये होतं. ते पान, बिल आणि बँकेतून पैसे दिल्याचा उतारा जोडला. उरलेले 5,700 आमचीच चूक, एक बिल दोनदा घातलेलं. वाद न घालता DRC-03 या आपणहून कर भरायच्या फॉर्मने व्याजासकट भरले, व्याज वर्षाला 18 टक्क्यांनी. चलनाची प्रतही उत्तरासोबत लावली.

उत्तर पाठवण्याआधी आमच्या सीएंनी यादी बघितली. त्यांनी एकच भर घातली: प्रत्येक कागदावर तो कुठल्या रकमेसाठी आहे ते लिहा. नुसता गठ्ठा जोडला तर अधिकाऱ्याला काही सापडत नाही. काही आठवड्यांनी ASMT-12 आलं, म्हणजे स्पष्टीकरण मान्य.

नंतरच्या दोन नोटिसा DRC-01C होत्या. त्याही 2B आणि 3B मधल्या क्रेडिटच्या फरकाच्याच, पण मुदत फक्त 7 दिवस. तिथे ॲप खरंच कामी आलं, मागणी काय ते दहा मिनिटांत समजलं. मात्र एखाद्या नोटिशीत कलम 74 दिसलं, तर फसवणुकीचा किंवा मुद्दाम माहिती लपवल्याचा आरोप आहे असं समजायचं. अशी आली तर मी ॲप उघडणार नाही, सरळ सीएंकडे जाईन.

पाचातले तीन तारे देतो. एक कापला ‘परताव्या’साठी, एक त्या सरकलेल्या रकान्यांसाठी.